पाच हजारांची पावती

कराड, रविवार

चि. सई,


काल रात्री ताईचा फोन आला. सईनं कुठल्याशा ऑनलाइन कोर्सला पाच हजार टोकन भरलंय, तीन महिन्यांत ‘सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’ होणार म्हणते आणि फिजिओथेरपीच्या राउंडला कॉलेजचे पर्यायसुद्धा भरले नाहीत, असं तिनं रडतरडत सांगितलं. ताईच्या बोलण्यातलं निम्मं मी नेहमीच वजा करते, पण पैशाचा आकडा ती चुकवत नाही. खरं काय ते तू कळव. आणि उरलेली फी अजून भरली नसशील तर हे पत्र वाचून होईपर्यंत भरू नकोस.

ताईला तू म्हणालीस म्हणे, “मावशी डाएटिशियनच आहे ना, मग तिला का चालत नाही?” अगं, म्हणूनच चालत नाही! मी तीन वर्षं बी.एस्सी. केलं, त्यावर पदव्युत्तर डिप्लोमा, मग सहा महिने हॉस्पिटलची इंटर्नशिप आणि मग रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा. आता कुणी डिप्लोम्याऐवजी एम.एस्सी. करतं, त्याला आणखी एक वर्ष. म्हणजे रुग्णाला चार घास काय खा हे सांगायला साडेचार ते साडेपाच वर्षं जातात. फिजिओथेरपी आजवर साडेचार वर्षांची होती, नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप धरून पाच. ऑप्टोमेट्री आजवर चार, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. एम.एस्सी. धरलं तर तिन्हींत सर्वांत लांब रस्ता आमचाच, आणि बाहेरून तोच सर्वांत आखूड दिसतो.

आरोग्य-व्यवसायांच्या 2021 च्या कायद्याखाली हे तिन्ही व्यवसाय आले आहेत. त्यात ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवून घ्यायला तीन ते सहा वर्षांत मिळून किमान 3,600 तासांचं शिक्षण लागतं. तुझ्या त्या कोर्सचे तास मोज. रोज दोन तास धरले तरी दोनशेसुद्धा होत नाहीत.

एक रुग्ण सांगते, मग तुला कळेल. अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, जुना मधुमेह, क्रिएटिनिन वाढलेलं आणि रक्तदाबाची अशी गोळी चालू की जिनं पोटॅशियम वर चढतं. कुणा प्रमाणपत्रवाल्या बाईंनी त्यांना तक्ता दिला होता: सकाळी शहाळं, दुपारी पालकाचं सूप, संध्याकाळी केळं, आणि रक्तदाब आहे म्हणून साध्या मिठाऐवजी ‘लो सोडियम’ मीठ. धडधाकट माणसाला यातलं काहीच वाईट नाही. पण त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि थकलेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. गृहस्थ पायात जीव नाही म्हणून आले. पोटॅशियम 6.8 होतं, पाचच्या आत हवं. ईसीजी बदललेला. डॉक्टरांनी वाचवलं. नंतर त्यांच्या बायकोला मी ओट्याशी उभं करून दाखवलं, की भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणीला टाकायची. आमटी पातळ करून प्यायची नाही. तो तक्ता अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. छान रंगीत छापलाय, खाली प्रमाणपत्राचा नंबरसुद्धा आहे. तुझ्या नावाचा असा तक्ता कुणाच्या फाइलला लागलेला मला बघायचा नाही.

आता पैशाचं. तुला लवकर कमवायचंय, म्हणून तेच बोलू. नोकरीत तिघांचीही सुरुवात आपल्या भागात पंधरा-वीस हजारांवर होते, त्यात फार डावंउजवं नाही. फरक पडतो तो स्वतःचं काही काढल्यावर.

आपल्या ओंकारचं विट्यातलं फिजिओथेरपीचं क्लिनिक बघ. एका सिटिंगचे तीनशे. चाळीस मिनिटं स्वतः हात लावावा लागतो, म्हणून दिवसाला दहा रुग्ण धर. पंचवीस दिवसांचे पंचाहत्तर हजार होतात, त्यातून भाडं, वीज, मदतनीस आणि मशिनचा हप्ता असे तीसेक वजा. पंचेचाळीस हातात राहतात, आणि हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या द्यायला लागल्या की गाडी चालते. पण दहाचे वीस रुग्ण त्याला करता येत नाहीत, हात दोनच. मिळकत वाढवायची तर फी वाढवायची, दुसरा फिजिओ ठेवायचा, नाहीतर एम.पी.टी. करून गुंतागुंतीच्या केसेस घ्यायच्या. तो आजारी पडला की क्लिनिकही आजारी.

ऑप्टोमेट्री केलेल्या निशाचं साताऱ्याचं चष्म्याचं दुकान वेगळ्या हिशेबानं चालतं. डोळे तपासायचे ती जवळजवळ काहीच घेत नाही, मिळतं ते फ्रेम आणि काचांत. त्यामुळं ती लग्नाला गेली तरी गल्ला चालू असतो. पण सुरुवातीला भांडवल लागतं: स्लिट लॅम्प, रेटिनोस्कोप, ट्रायल सेट, काच घासायचं मशिन, शिवाय भिंतभर फ्रेमा. आणि एक मोह सांभाळावा लागतो. पाव नंबर निघाला म्हणून चष्मा गळ्यात मारायचा नाही. काचबिंदूची शंका आली तर गिऱ्हाईक सोडून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. निशा ते पाळते, म्हणून मी तिच्याकडेच जाते.

आमचं गणित तिसरंच. भांडवल म्हणजे एक चांगला वजनकाटा आणि टेबल. पण पहिल्यांदा पाचशे देऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा येईलच असं नाही. माझ्याकडचे निम्मेसुद्धा येत नाहीत. फिजिओकडं दुखणं माणसाला ओढून आणतं, आमच्याकडं कोण ओढणार? पहिली तीन-चार वर्षं कोरडी जातात. पुढं मूत्रपिंड, कॅन्सर, मधुमेही गरोदर बायका असं एखादं अवघड काम हातात बसलं, की फोनवरून परगावचेही रुग्ण बघता येतात आणि गावाची वेस आड येत नाही.

मी तिथवर गेलेच नाही. आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी एकदा संध्याकाळची खोली देऊ केली होती. मुलं लहान होती, तुझे काका म्हणाले पगार ठीक आहे की, आणि मी मान डोलावली. त्या खोलीत आता दुसरी मुलगी बसते. हुशार आहे. तिच्या दारावरची पाटी वाचत मी रोज वॉर्डात जाते.

सई, तू घाई का करतेस ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. भाऊजींचा कारखाना पगार थकवतोय आणि पुढच्या वर्षी ते निवृत्त होतायत, हे ताईनं सांगितलं नाही तरी कळतं. वरच्या ओळींत रागावले असेन तर सोडून दे. पाच हजार परत मागून बघ, नाही मिळाले तर गेले समज. मी ते ताईच्या हातात देईन आणि कुणी तुला काही बोलणार नाही.

आहारशास्त्रच करायचं असेल तर पदवीपासून कर, पहिल्या वर्षाची फी माझ्याकडून. फिजिओ घ्यायचं असेल तर पुढच्या राउंडची तारीख आजच बघ. ओंकारकडे दोन दिवस बसून ये, निशाकडे एक दिवस, आणि मग माझ्याकडे ये. वॉर्डात फिरू, संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाऊ. लाल डबा सकाळचा धर, म्हणजे दुपारी जेवायला पोचशील. भाकरी-पिठलं करते, का तुला वांगं हवंय ते कळव.

तुझी
मावशी