घरातून काढून घरातच आणलेले पैसे

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि ग्रॅच्युइटीतले पाच लाख एका हायब्रिड म्युच्युअल फंडात टाकले. बँकेतले साहेब म्हणाले होते, "काका, दर महिन्याला डिव्हिडंड येईल, एफडीच्या व्याजापेक्षा जास्त." मार्चपासून खात्यात चार हजार यायला लागले. पुढे त्यातून दहा टक्के टीडीएस कापून छत्तीसशे येत, पण कापलेला कर रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून मी मनातल्या मनात चारच हजार धरत होतो. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर. एफडी सात टक्के देत होती. मी बदलापुरात शेजाऱ्यांनाही सांगितलं.

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरचं स्टेटमेंट मी पहिल्यांदा नीट वाचलं. कॉस्ट व्हॅल्यू पाच लाख, मार्केट व्हॅल्यू चार लाख पासष्ट हजार. युनिट तेवढीच, साधारण पंचवीस हजार. खरेदीच्या दिवशी एनएव्ही २० रुपये होती, आता १८.६०. पैसे बुडाले असं वाटून मी पुन्हा बँकेत गेलो. "बाजार पडलाय काका, थांबा," एवढंच उत्तर मिळालं. सप्टेंबरनंतर बाजार उतरला होता हे खरं, पण चार हजारांचा हिशोब त्या उत्तरात कुठेच नव्हता.

माझा भाचा उल्हासनगरला पाच नंबरमध्ये जीन्सच्या एका कारखान्याचे हिशोब लिहितो. एका रविवारी स्टेटमेंट घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने ते बाजूला ठेवलं आणि एका चलनाच्या पाठीवर मधोमध उभी रेघ ओढली. "मामा, आधी एका दुकानाचा ताळेबंद बघ. मग तुझा फंड आपोआप कळेल."

उजवीकडे त्याने ॲसेट लिहिले: तयार माल नऊ लाख, मशीन चार लाख, व्यापाऱ्यांकडून येणं पाच लाख, रोकड दोन लाख. एकूण वीस. "उधारीवर दिलेला मालसुद्धा ॲसेट, कारण तो पैसा आपल्याकडे यायचाय." डावीकडे लायबिलिटी: बँकेचं कर्ज सहा लाख, कापडवाल्याचं देणं चार लाख. एकूण दहा. मग त्याच डाव्या बाजूला खाली लिहिलं, मालकाचं भांडवल दहा लाख.

मी अडलो. मालकाचे स्वतःचे पैसे देण्यांच्या बाजूला कसे? तो म्हणाला, वही दुकानाची आहे, मालकाची नाही. दुकान मालकालाही देणं लागतं, फक्त सगळ्यांच्या शेवटी. बँक आणि कापडवाला यांचं देऊन जे उरेल ते मालकाचं. त्या उरलेल्यालाच इक्विटी म्हणतात.

हा अर्थ मी इतकी वर्षं चुकीचा धरून बसलो होतो. इक्विटी म्हणजे शेअर बाजार, एवढंच मला माहीत होतं. शेअरला इक्विटी म्हणतात कारण शेअर घेणारा कंपनीचा मालक होतो आणि मालकाची पाळी सगळ्यांत शेवटी येते. भाच्याने माल नऊ लाखांचा खोडून पाच लाखांचा केला, समजा फॅशन बदलली आणि चार लाखांचा माल पडून राहिला. ॲसेट सोळा झाले. बँक आणि कापडवाल्याचे दहा तसेच राहिले, एक रुपयाही कमी झाला नाही. मालकाचे मात्र दहाचे सहा झाले. माझ्या फंडातला दोन तृतीयांशाहून जास्त पैसा असा मालकाच्या रांगेत उभा आहे, हे मला त्या चलनावर दिसलं. एफडीत आपण बँकेच्या डाव्या बाजूला, घेणेकऱ्यांच्या रांगेत असतो. आपली एफडी आपला ॲसेट आणि बँकेची लायबिलिटी. दोन्हींतून महिन्याला पैसे येतात म्हणून ती एकाच जातीची होत नाहीत.

मग त्याने माल पुन्हा नऊ लाखांचा केला. "आता शेठने एक लाख घरी नेले." रोकड दोनची एक झाली, भांडवल दहाचं नऊ झालं. शेठ श्रीमंत झाला का? नाही. एका खिशातून दुसऱ्या खिशात. डिव्हिडंड तो हाच. कंपनी डिव्हिडंड देते तेव्हाही पैसा तिच्या रोकडीतून जातो, म्हणून एक्स-डेटला शेअरचा भाव तेवढ्या अंदाजाने खाली उघडतो. कंपनीने तो नफा धंद्यात कमावलेला असतो, ही वेगळी गोष्ट.

फंडाचंही तेच गणित. फंडाचे ॲसेट वजा फंडाची देणी, भागिले एकूण युनिट, ही एनएव्ही. प्रति युनिट सोळा पैसे वाटले की एनएव्ही त्याच दिवशी सोळा पैशांनी उतरते. बारा महिन्यांचे एक रुपया ब्याण्णव पैसे. वीसमधून ते वजा केले तर १८.०८ राहायला हवे होते, होते १८.६०. म्हणजे फंडाने वर्षभरात खरोखर कमावले ते युनिटमागे बावन्न पैसे. पंचवीस हजार युनिटवर तेरा हजार रुपये, अडीच टक्क्यांच्या जरा वर. मला मिळालेल्या अठ्ठेचाळीस हजारांपैकी पस्तीस हजार माझेच होते, जे मी कमाई समजून घरखर्चात घातले.

आणि कर? १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो, आपल्या टप्प्याच्या दराने. माझा टप्पा वीस टक्क्यांचा. तेरा हजारांच्या कमाईसाठी मी साडेनऊ हजारांच्या आसपास कर भरणार होतो, कारण कायद्याच्या नजरेत अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस हजार उत्पन्न होतं.

माझ्या कागदावर फंडाच्या नावापुढे आयडीसीडब्ल्यू अशी अक्षरं होती. ती मी कधी विचारली नाहीत. सेबीने एप्रिल २०२१ पासून फंडांतल्या डिव्हिडंड पर्यायाचं नावच बदलायला लावलं. नव्या नावाचा सरळ अर्थ 'उत्पन्नाचं वाटप तसंच भांडवल काढून देणं' असा आहे. वाटलेल्या रकमेत उत्पन्न किती आणि भांडवल किती, हेही स्टेटमेंटमध्ये वेगळं दाखवायचं असतं. बँकेतले साहेब २०२४ मध्येही डिव्हिडंडच म्हणत होते, याचा मला अजून राग येतो.

तुमच्या हातात पहिलं स्टेटमेंट असेल तर तीन आकडे एका ओळीत लिहा: आजची मार्केट व्हॅल्यू, आजवर हातात आलेला डिव्हिडंड (टीडीएस कापण्याआधीचा), आणि घातलेली रक्कम. पहिल्या दोहोंची बेरीज करून तिसरा वजा करा. माझं ४,६५,००० अधिक ४८,००० वजा ५,००,०००. हाच खरा नफा. नुसती मार्केट व्हॅल्यू पाहून घाबरलात तर चूक, नुसता डिव्हिडंड पाहून खूश झालात तर त्याहून मोठी चूक.

वर्ष पूर्ण झाल्यामुळे माझ्या फंडाचा एक्झिट लोड संपला होता. मार्चमध्ये मी त्याच फंडाच्या ग्रोथ पर्यायात गेलो. हे बदलणं कायद्याने विक्रीच धरतात. माझ्या बाबतीत विक्रीत तोटा निघाला. तो आठ वर्षांपर्यंत दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा करता येतो, डिव्हिडंडमधून मात्र नाही. ज्यांचा मोठा नफा निघत असेल त्यांनी आधी कराचा आकडा काढावा आणि मगच सही करावी.

आता एसडब्ल्यूपीने दर महिन्याला तीन हजार काढतो. कर लागतो तो त्या तीन हजारांतल्या नफ्याच्या भागावरच. आणि दर महिन्याच्या ओळीत युनिट किती कमी झाली ते छापून येतं. बायको विचारते, "या महिन्यात आपले किती गेले?" मी कागदावर बोट ठेवून तिला आकडा दाखवतो.