कॅशियरला भाव बदलता येऊ नये, तर बिलिंग अ‍ॅपमध्ये काय करावं, किती खर्च येतो?

काउंटरवर सगळेजण मालकाच्याच लॉगिनने बिलं करत असतील, तर रात्री गल्ला जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. भाव बदलून केलेली चोरी गल्ल्यात दिसत नाही आणि स्टॉकमध्येही दिसत नाही.

उदाहरण घ्या. तुमच्या किराणा दुकानात 15 किलोचा तेलाचा डबा 2,400 रुपयांना आहे. गिऱ्हाइकाने रोख पैसे दिले, छापील बिल घेतलं आणि ते गेलं. त्यानंतर कॅशियरने तेच बिल उघडून रेट 2,100 केला, सेव्ह केलं आणि 300 रुपये बाजूला काढले. अ‍ॅप म्हणतं 2,100 जमा, गल्ल्यातही तेवढेच. स्टॉकमध्ये एक डबा कमी, तोही बरोबर. रोज एकदा असं झालं, तर 26 दिवसांत 7,800 रुपये जातात. यूपीआयच्या बिलात हे जमत नाही, कारण बँकेत आलेली रक्कम जास्त दिसते. म्हणून रोखीच्या बिलांवर आधी लक्ष द्या.

भाव बदलायच्या पाच वाटा

विक्रेता सांगतो, "कॅशियरचा रोल दिला की झालं." तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याचदा या रोलमुळे फक्त पहिली वाट बंद होते. तुम्हाला पाचही तपासायच्या आहेत.

पहिली, आयटम मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी. इथला भाव बदलला की पुढची सगळी बिलं त्याच भावाने निघतात. दुसरी, बिल करताना समोर दिसणारा रेटचा रकाना. मास्टर बंद असलं तरी इथे आकडा टाइप करता येत असेल, तर बंदी नावापुरतीच. तिसरी, डिस्काउंट, 2,400 वर 300 सूट म्हणजे भाव 2,100 केल्यासारखंच. चौथी, बिल करतानाच नवीन आयटम तयार करण्याची सोय: "किरकोळ" नावाने हव्या त्या भावाचा आयटम टाकता येतो. पाचवी, झालेलं बिल उघडून बदलणं, रद्द करणं किंवा माल परत आल्याचं दाखवणं. वरच्या उदाहरणात हीच वाट वापरली गेली.

काय काय लागतं?

कागदपत्रं फारशी लागत नाहीत. मोबाइल नंबरवर चालणाऱ्या अ‍ॅपसाठी प्रत्येक कामगाराचा स्वतःचा नंबर लागतो, कारण ओटीपी त्यावर येतो. मुख्य मालक म्हणून नोंद मात्र तुमच्याच नंबरची हवी. अ‍ॅप बसवून देणारा डीलर किंवा घरचा भाचा स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो आणि पुढे सगळे अधिकार त्याच्या हातात राहतात. खाते उघडताना समोर बसा आणि नंबर वाचून घ्या.

प्लॅनचं बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह मागा. सॉफ्टवेअरवर 18 टक्के जीएसटी लागतो. तुम्ही नियमित करदाते असाल, तर त्याचं क्रेडिट मिळतं; कंपोझिशनमध्ये असाल, तर तो खर्च तुमचाच.

खरा खर्च कसा काढायचा?

जाहिरातीतला आकडा बहुधा एका युजरचा, एका उपकरणाचा आणि जीएसटीशिवायचा असतो. चार प्रश्न विचारा. रोल कोणत्या प्लॅनपासून मिळतात? जादा युजरचे पैसे वेगळे आहेत का? मोजणी युजरवर आहे, उपकरणावर की शाखेवर? दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

समजा, प्लॅन वर्षाला 3,000 रुपये आणि जादा युजर प्रत्येकी 600 सांगितला. तुम्हाला दोन कॅशियर हवेत. 3,000 अधिक 1,200, म्हणजे 4,200. त्यावर जीएसटी 756. एकूण 4,956 रुपये. "तीन हजारांत होतं" असं ऐकलेलं काम पाच हजारांच्या घरात गेलं.

टॅलीप्राइम वापरत असाल, तर एक महाग चूक टाळा. 2025 मधल्या जाहीर दरानुसार सिल्व्हर 22,500 आणि गोल्ड 67,500 रुपये, अधिक जीएसटी. वेगळे युजर आणि पासवर्ड हवेत म्हणून गोल्ड घ्यायची गरज नाही. ते सिल्व्हरमध्येही करता येतात. गोल्ड लागतं ते एकाच वेळी अनेक संगणकांवर काम करायचं असेल तेव्हा. एकच काउंटर असेल, तर सिल्व्हर पुरतं.

चाचणी: अर्धा तास पुरे

पैसे भरण्याआधी, फुकट चाचणीच्या काळातच हे करा. कॅशियरचा लॉगिन तयार करा आणि त्याच्याच मोबाइलवर किंवा काउंटरच्या संगणकावर उघडा. स्वतःच्या लॉगिनवरून पाहू नका; मालकाला सगळंच करता येतं. मग पाचही वाटांनी एका डब्याचा भाव कमी करून बघा. शेवटी मालकाच्या लॉगिनमध्ये जाऊन बदलांची नोंद उघडा. कोणी, किती वाजता, कोणत्या रेटचा कोणता रेट केला, हे तिथे दिसायला हवं. नुसतं "बिल बदललं" एवढंच दिसत असेल, तर ती नोंद कामाची नाही.

इंटरनेट बंद करूनही एकदा बिल करून पाहा. ज्या अ‍ॅपचा डेटा नेटवरून जुळतो, त्यात अधिकार काढल्याची सूचना नेट येईपर्यंत उपकरणावर पोहोचत नाही. कामगार सोडून गेला, तर त्याचा युजर लगेच काढा आणि उपकरणावर लॉगिन खरंच बंद झालं का, ते पाहा.

बंदी टिकते कशी?

खरी अडचण दुसऱ्या दिवशी येते. ठरलेल्या गिऱ्हाइकाला घाऊक भाव द्यायचा असतो, पाकीट फाटलेलं असतं, वरचे चार रुपये सोडायचे असतात. तुम्ही बाहेर असता, कॅशियर फोन करतो आणि तुम्ही पासवर्ड सांगून टाकता. तिथेच सगळा खर्च वाया जातो.

त्याची सोय आधीच करा. घाऊक गिऱ्हाइकांसाठी वेगळी भावयादी लावा, म्हणजे नाव निवडलं की भाव आपोआप येईल. सुट्ट्या पैशांसाठी राउंड ऑफ चालू ठेवा. सूट द्यायचीच असेल, तर कॅशियरला ठरावीक मर्यादा द्या. त्यापुढे मालकाचा पिन लागू दे. घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाला मॅनेजरचा रोल द्या, पण त्याच्या स्वतःच्या लॉगिनने. पासवर्ड कोणालाही सांगितला, तर त्याच रात्री बदला.

चुकलेलं बिल कॅशियरला बदलू देऊ नका. ते मालकाच्या पिनने रद्द करा आणि नवीन काढा. जीएसटीत बिलांचे क्रमांक सलग लागतात आणि रद्द झालेल्या बिलांची संख्या जीएसटीआर-1 मध्ये दाखवावी लागते. त्यामुळे बिल पुसून टाकण्यापेक्षा रद्द म्हणून ठेवणं तुमच्याच हिताचं.

कामगारांनाही हे नीट समजावून सांगा. वेगळा लॉगिन असला, की दुसऱ्याने केलेली गडबड प्रामाणिक कॅशियरच्या माथी येत नाही.

आणि निर्णय अगदी सरळ घ्या: चाचणीत पाचपैकी एका वाटेने जरी भाव बदलला गेला आणि त्याची नोंदही राहिली नाही, तर ते अ‍ॅप कितीही स्वस्त असो, त्याचे पैसे भरू नका.