‘मी बघते’ असं कोण म्हणालं?

बैठकीच्या व्हिडिओतून कोण केव्हा बोललं हे वेगळं करायचं आणि त्यावरून कामं ज्याच्या त्याच्या नावावर लिहायची, हे काम आता संगणकावर बऱ्यापैकी होतं. त्यातल्या पहिल्या टप्प्याला डायरायझेशन म्हणतात. तिथली आकडेवारी पाहून दुसऱ्या टप्प्यावर विसंबून राहू नका, असं मी आग्रहाने सांगतो. माणूस काम अंगावर घेतो ते दोन-तीन शब्दांत घेतो, आणि इतक्या छोट्या वाक्यांतच आवाज ओळखणारी यंत्रणा सर्वांत जास्त चुकते. लांबलचक भाषण कोणाचं ते ती अचूक सांगेल, पण ‘हो, करतो’ कोणाचं हे सांगताना गडबडेल. आणि कामांच्या यादीला नेमकं तेच हवं असतं.

असं का होतं, हे यंत्रणेच्या कामाच्या पद्धतीतून कळतं. ती आधी ध्वनीतले बोलण्याचे भाग शांततेपासून वेगळे करते. मग त्यांचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातल्या आवाजाची आकड्यांतली ओळख तयार करते आणि मिळत्याजुळत्या ओळखींचे गट बांधते. या गटांना SPEAKER_00, SPEAKER_01 अशी नावं मिळतात. दोन-तीन सेकंद सलग बोलणं मिळालं तर ओळख पक्की होते. एका सेकंदाहून कमी बोलण्यात स्वरांचा पुरेसा नमुनाच नसतो, म्हणून तो तुकडा शेजारच्या लांब बोलण्यात ओढला जातो. दोघे एकाच वेळी बोलत असतील तर आणखी पंचाईत होते, आणि होकार बहुधा दुसऱ्याचं वाक्य संपता संपताच दिला जातो. त्यातच शब्द लिहून काढणारं साधन वेगळं आणि आवाज वेगळे करणारं वेगळं असतं. दोघांच्या वेळा जुळवताना अर्ध्या सेकंदाचा फरक पडला, तरी छोटं वाक्य भलत्याच्या खात्यात जमा होतं.

मग चुकीचं प्रमाण कमी दाखवणारे आकडे खोटे का? नाहीत. डायरायझेशनची चूक वेळेत मोजतात: सुटलेलं बोलणं, बोलणं समजून घेतलेला गोंगाट आणि चुकीच्या माणसाला दिलेलं बोलणं यांच्या सेकंदांची बेरीज, भागिले एकूण बोलण्याचे सेकंद. समजा, तासाभराच्या बैठकीत पन्नास मिनिटं, म्हणजे 3000 सेकंद बोलणं झालं, आणि आठ कामं एकेका सेकंदाच्या होकाराने स्वीकारली गेली. हे आठही होकार चुकीच्या माणसांच्या नावावर गेले, तरी चूक आठ सेकंदांचीच, म्हणजे 0.3 टक्क्यांहून कमी भरते. मोजमाप बरोबरच आहे, पण यादी पूर्ण चुकलेली आहे.

एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक घेऊ. चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार कार्यालयात एकाच लॅपटॉपसमोर आहेत, आणि दोन सभासद आपापल्या घरून जोडलेले आहेत. चेअरमन आणि खजिनदार पुरुष आहेत, सेक्रेटरी बाई आहेत. थकबाकीची यादी तयार करण्याचं काम खजिनदारांकडे आधीपासूनच आहे. यंत्राने लिहून दिलेला उतारा असा:

```
31:12 SPEAKER_02: टाकीच्या गळतीसाठी तीन
      कोटेशनं लागतील. कोण बघणार?
31:17 SPEAKER_02: मी बघते.
31:18 SPEAKER_04: शुक्रवारपर्यंत देतो.
```

SPEAKER_02 म्हणजे चेअरमन आणि SPEAKER_04 म्हणजे खजिनदार. उतारा जसाच्या तसा घेतला, तर कोटेशनं चेअरमननी मागवायची आणि मुदत शुक्रवारची, अशी नोंद होईल. पण स्वतःच प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर दिल्याचं दिसलं की थांबावं, ती पहिली खूण आहे. दुसरी खूण ‘बघते’ या क्रियापदात आहे. ते वाक्य सेक्रेटरींचं होतं, आणि एकाच मायक्रोफोनमुळे ते चेअरमनच्या बोलण्याला चिकटलं. ‘शुक्रवारपर्यंत देतो’ हे तर कोटेशनांविषयी नव्हतंच. खजिनदार थकबाकीच्या यादीबद्दल बोलत होते, आणि तो विषय तीन मिनिटं आधी निघाला होता. म्हणजे माणूसही चुकला आणि मुदतही चुकली, आणि हे दोन्ही उताऱ्यात अगदी सुसंगत दिसत होतं.

क्रियापदाचं लिंग हा मराठी बैठकीतला उपयोगी पुरावा आहे, पण त्याला मर्यादा आहेत. ‘करीन’, ‘पाठवेन’ यांतून काहीच कळत नाही. कोल्हापूरकडच्या अनेक बायका ‘मी जातो’, ‘मी करतो’ असंच बोलतात. शिवाय बोलणं लिहून काढणारं साधन ‘करतो’ आणि ‘करते’ यांत चुकू शकतं. तेव्हा या पुराव्यावरून शंका घ्यावी, निकाल देऊ नये. निकालासाठी व्हिडिओ आहे. घरून जोडलेल्या माणसाच्या चौकटीवर नाव असतं आणि तो बोलताना चौकट उजळते. हे उजळणं थोडं मागे पडतं, त्यामुळे एका सेकंदाच्या होकाराला चौकट कधी कधी उजळतच नाही. एकाच कॅमेऱ्यासमोर बसलेल्या तिघांसाठी ओठांकडे पाहण्याला पर्याय नाही.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र रेकॉर्डिंगच्या आधीच होते. झूममध्ये आपल्या संगणकावर रेकॉर्ड करताना प्रत्येक सहभागीची वेगळी ध्वनिफाइल ठेवण्याची सोय आहे. ती चालू ठेवली, तर घरून बोलणाऱ्यांपुरता ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढे आवाजांच्या अशा विभागणीचं नुकसान करणारी आज्ञा अनेक जण सवयीने देतात:

```
ffmpeg -i baithak.mp4 -ac 1 -ar 16000 baithak.wav
```

यातला `-ac 1` सगळे आवाज एकाच वाहिनीत मिसळतो. व्हिडिओत मुळात एकच मिसळलेला आवाज असेल तर काही बिघडत नाही. पण डाव्या-उजव्या वाहिनीवर वेगळी माणसं असतील, तर आयती मिळालेली विभागणी पुसली जाते. तसंच लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करून वेगवेगळे चालवले, तर पहिल्या तुकड्यातला SPEAKER_00 आणि दुसऱ्यातला SPEAKER_00 एकच माणूस असेल असं नाही. नावं प्रत्येक तुकड्यात नव्याने जुळवावी लागतात. किती जण बोलले हे माहीत असेल तर तो आकडा साधनाला सांगावा. नाहीतर सर्दी झालेल्या एकाच माणसाचे कधी दोन होतात, आणि सारख्या आवाजाच्या दोघांचा एक.

यावर आक्षेप येतो की इतकं तपासायचं तर यंत्र कशाला, पुन्हा ऐकूनच लिहावं. पण पूर्ण तास ऐकायचा नाही. यंत्राने काढलेल्या प्रत्येक कामापुढे वेळ आणि नेमके शब्द लिहून घ्यावेत आणि त्या जागेच्या आधीची-नंतरची पंधरा सेकंदं तेवढी पाहावीत. आठ कामं म्हणजे चार मिनिटं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बैठक संपताना प्रत्येकाने आपलं काम स्वतः सांगितलं तर? ते जरूर करावं. ‘मी, सेक्रेटरी, टाकीची तीन कोटेशनं मागवते’ हे वाक्य तीन-चार सेकंदांचं होतं आणि बोलणाऱ्याची ओळखही त्यातच असते. पण घाईने मधूनच निघून गेलेला सभासद या फेरीत नसतो, आणि झालेल्या बैठकीच्या रेकॉर्डिंगला याचा उपयोग नाही.

नोंद करताना आणखी एक भेद पाळावा लागतो, तो काम सांगणं आणि काम स्वीकारणं यांतला. ‘हे खजिनदारांनी करावं’ एवढंच बोलणं झालं आणि त्यावर शांतता असेल, तर ‘सुचवलं’ असं लिहावं. ‘बघू या’, ‘करून घेऊ’ यांतून काम निघतं, माणूस निघत नाही. यंत्राने काढलेल्या सारांशात अशा कामापुढे शेवटी बोललेल्याचं नाव सहज लागतं, ते काढून रकाना रिकामा ठेवावा. आणि ऐकून-पाहूनही होकार कोणाचा ते ठरत नसेल, तर अंदाजाने नाव घालू नये. ‘निश्चित नाही’ असं लिहून, सोबत 31:17 अशी नेमकी वेळ देऊन यादी सगळ्यांना पाठवावी आणि ज्याचं काम असेल त्याने कळवावं असं सांगावं.