गेममध्ये गेलेले पैसे : बँकेत डिस्प्यूट टाकू का?

प्रश्न : आठवीतल्या मुलाने माझ्या फोनवरून एका गेममध्ये 799 रुपयांचे पॅक आठ वेळा घेतले. 6,392 रुपये क्रेडिट कार्डातून गेले. ओटीपी माझ्याच फोनवर आले, त्यानेच टाकले. पाच दिवस झाले. कस्टमर केअरवाले म्हणतात, डिस्प्यूट टाका. त्या फोनवरच्या जीमेलवरच माझ्या दुकानाचा कारभार आहे. टाकू ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका टाकू. पैशांइतकीच तुम्हाला जीमेलची धास्ती आहे आणि ती रास्त आहे.

रिफंडचा अर्ज म्हणजे विकणाऱ्याकडे, इथे गूगलकडे, केलेली विनंती. मंजूर झाली तर पॅकमधून मिळालेले डायमंड जातात, मुलगा चिडतो, विषय संपतो. चार्जबॅकमध्ये मात्र बँक कार्ड नेटवर्कमार्फत ते पैसे विकणाऱ्याकडून मागे खेचते. त्याच्या लेखी तुम्ही वसुलीचे वादग्रस्त गिऱ्हाईक ठरता.

खरी गोची डिस्प्यूटच्या फॉर्मवर आहे. 'हा व्यवहार मी केलेला नाही' या ओळीपुढे लोक बिनदिक्कत खूण करतात. बँक ते फसवणूक म्हणून नोंदवते आणि कार्ड बंद करते. पैसे तात्पुरते जमा होतात, म्हणून घरात आनंद. मग चौकशीत दिसते, की ओटीपी तुमच्याच नंबरवर आला आणि बरोबर टाकला गेला. दावा फेटाळला जातो, जमा केलेली रक्कम पुन्हा वळती होते. तोवर विकणाऱ्याने पेमेंट प्रोफाइल रोखून धरलेले असू शकते. जीमेल त्याच दिवशी बंद पडेल असे नाही. पण त्याच खात्यावर स्टोरेजचे पैसे भरत असाल, तर ते भरणे अडकते, जागा 15 जीबीवर येते आणि ती आधीच भरलेली असेल तर दुकानाच्या मेल येणे थांबते. त्यावेळी गेमची आठवणही कुणाला राहत नाही.

आता करायचे ते. मेलवर आलेल्या पावत्यांतून GPA ने सुरू होणारे आठही ऑर्डर क्रमांक उतरवून घ्या. play.google.com वर ऑर्डर हिस्टरीत जाऊन Report a problem निवडा आणि घरातल्या मुलाने न विचारता खरेदी केली, हे खरे कारण द्या. 48 तास उलटल्यावर गूगल बहुधा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवते. म्हणून तेच क्रमांक देऊन तिलाही मेल करा. सगळे परत मिळेलच असे नाही. उत्तर येईपर्यंत बँकेकडे जाऊ नका. दोन्हीकडे एकदम मागितले, तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

1930 वर तक्रार? चोरी झालेली नाही, उगाच नको. गेम अनइन्स्टॉल करून काही होत नाही.

डिस्प्यूट कधी टाकायचा? कार्ड परक्याने वापरले तर, तेही लगेच. किंवा रिफंड मंजूर झाल्याची मेल हातात असून पैसे आलेच नाहीत तर.

आणि आजच प्ले स्टोअरमधून कार्ड काढून टाका, फोनचा पिनही बदला. तो मुलाला पाठ आहे.