गुणपत्रकाचा फोटो आणि कार्यालयाला पत्र

चि. निखिल,


गुणपत्रकाचा फोटो आणि पत्राचा मसुदा पाहिला. हे पत्र असंच पाठवू नकोस. ‘सोबतच्या फोटोचं प्रमाणित भाषांतर करून द्यावं’ असं तू लिहिलं आहेस. जर्मनीत विद्यापीठाचं परीक्षा कार्यालय हे काम सहसा करत नाही. स्वतःच्या नोंदींचे कागद देणं त्याच्या हातात असतं. भाषांतर प्रमाणित करतो तो न्यायालयाची मान्यता असलेला शपथबद्ध अनुवादक. त्यामुळे तुला बहुधा नकाराचं एका ओळीचं उत्तर येईल आणि मधले दिवस वाया जातील.

अनुवादकालाही हा फोटो देऊ नकोस. भाषांतर मूळ कागदावरून केलं की प्रतीवरून, हे त्याच्या दाखल्यात लिहिलेलं असतं आणि ते वाचून तू अर्ज करतो आहेस ते कॅनडातलं विद्यापीठ अडवू शकतं. शिवाय तुझ्या फोटोत शिक्का अर्धा कापला गेलाय, मागची बाजू तर नाहीच. श्रेणींचा खुलासा मागे छापला असेल तर तो हवाच. जर्मनीत १,० सर्वोत्तम, ४,० पर्यंत उत्तीर्ण आणि ५,० नापास. हे ठाऊक नसलेल्याला तुझे १,३ फार कमी वाटतील.

म्हणून आधी इंग्रजी गुणपत्रकच माग. बरीच जर्मन विद्यापीठं ते देतात आणि सही-शिक्क्याचं मिळालं तर भाषांतराची गरजच उरत नाही. पत्र जर्मनमध्ये, विद्यापीठाच्या ईमेलवरून पाठव. मजकूर साधारण असा असू दे:

‘महोदय, मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आहे, नाव, जन्मतारीख व नोंदणी क्रमांक खाली दिला आहे. कॅनडातील प्रवेशअर्जासाठी मला आजवरचं गुणपत्रक इंग्रजीत, श्रेणींच्या खुलाशासह व आपल्या सही-शिक्क्यानिशी हवं आहे. ते शक्य नसल्यास जर्मन गुणपत्रकाची प्रमाणित प्रत द्यावी. भाषांतर मी शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेईन. कोणता कागद हवा हे कळावं एवढ्यासाठीच फोटो जोडला आहे. अर्जाची मुदत १५ जानेवारी आहे. शुल्क व लागणारा वेळ कृपया कळवावा.’

एवढं पुरे. मसुद्यातली शिष्यवृत्तीची आणि आजाराची हकीकत काढून टाक. नोंद शोधायला तिचा उपयोग नाही. नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच लिही, एका अक्षराचाही फरक नको.

अनुवादकाकडे जावंच लागलं तर १,३ चे टक्के करून मागू नकोस. त्याने आकडा जसाच्या तसा ठेवायचा असतो. त्याचं मोल ठरवणं हे अर्ज घेणाऱ्याचं काम. आणि हे पत्र धाडण्याआधी कॅनडाला एवढं विचारून घे, की गुणपत्रक तुझ्या हातून चालेल की विद्यापीठाकडून थेट यायला हवं. थेट हवं असेल तर ते वाक्य आणि त्यांचा पत्ता याच पत्रात घाल.

तुझी,
मावशी