पॅरासिटॅमॉल, मद्यपान आणि यकृत

ताप किंवा अंगदुखी झाली म्हणजे पॅरासिटॅमॉलची गोळी घ्यावयाची, हे आता घरोघरी ठाऊक आहे. मात्रा पाळल्यास हे औषध सुरक्षित आहे. परंतु सुरक्षित मात्रा आणि यकृताला अपाय करणारी मात्रा यांतील अंतर फार मोठे नाही. नियमित मद्यपान करणाऱ्यांच्या बाबतीत ते आणखी कमी होते.

पन्नास किलोपेक्षा अधिक वजनाच्या निरोगी प्रौढ व्यक्तीने चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमपेक्षा, म्हणजे ४,००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटॅमॉल घेऊ नये. ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या किंवा ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर असावे. ही कमाल मर्यादा आहे. रोज गाठावयाचे प्रमाण नव्हे. रोज दारू घेणारे, वजनाने अगदी कमी असलेले किंवा कुपोषित यांनी दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहावे, असा सावध सल्ला डॉक्टर देतात. यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नये.

याचे कारण यकृतातील प्रक्रियेत आहे. पॅरासिटॅमॉलचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी करून मूत्रावाटे बाहेर टाकते. थोड्या भागाचे मात्र एका विषारी पदार्थात रूपांतर होते. यकृतातील ग्लुटाथायोन हे द्रव्य त्या विषाला तत्काळ बांधून टाकते. मात्रा वाढली की विष वाढते, ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि उरलेले विष यकृताच्या पेशी मारू लागते.

नियमित मद्यपानाने हे पारडे दोन्ही बाजूंनी बिघडते. एकीकडे विष तयार करणारे विकर यकृतात वाढते. दुसरीकडे ग्लुटाथायोनचा साठा घटतो. पोटात अन्न नसेल तर तो आणखी कमी होतो. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. दारू शरीरात असेपर्यंत हे विकर काही अंशी तिच्यावरच काम करीत असते. तापामुळे दारू थांबविल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत ते वाढलेले विकर पॅरासिटॅमॉलसाठी मोकळे होते. म्हणून ‘आज घेतली नाही, आता गोळ्यांची भीती नाही’ हा समज चुकीचा आहे.

एक उदाहरण पाहू. समजा, नागपूरच्या सक्करदरा भागात राहणारा, रोज सायंकाळी दारू घेणारा एक बांधकाम मजूर तापाने अंथरुणाला खिळला आहे. जेवण जवळजवळ बंद आहे. त्याने तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा घेतली : १,९५० मिलिग्रॅम. सर्दीची गोळीही तीनदा घेतली. तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल होते : १,५०० मिलिग्रॅम. अंगदुखीच्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम होते व ती दोनदा झाली : ६५० मिलिग्रॅम. त्याच्या समजुतीप्रमाणे ही तीन वेगळी औषधे होती. प्रत्यक्षात एकच औषध ४,१०० मिलिग्रॅम पोटात गेले. हे निरोगी माणसाच्या कमाल मर्यादेपेक्षा किंचित अधिक, तर त्याच्यासाठी दुपटीहून अधिक झाले. असेच आणखी काही दिवस चालले तर धोका वाढत जातो. गोळीच्या पाकिटावरील घटकांत पॅरासिटॅमॉल हे नाव शोधून बेरीज केली असती, तर हे टळले असते.

अपायाची लक्षणे फसवी असतात. पहिल्या दिवशी मळमळ, उलटी होते किंवा काहीच जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी कधीकधी बरे वाटते; त्याच वेळी उजव्या बरगडीखाली दुखू लागते व यकृताची हानी चालू असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव किंवा गुंगी दिसू लागते. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. एकाच वेळी जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर ॲसिटिलसिस्टीन हे प्रतिविष आठ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक प्रभावी ठरते. उशीर झाला तरी ते उपयोगी पडू शकते. अनेक दिवस मर्यादा ओलांडली गेली असल्यास कितीही तास उलटलेले असोत, रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. सोबत सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत, घेतल्याच्या वेळा सांगाव्यात आणि मद्यपानाची माहिती लपवू नये.

डेंग्यूचा संशय असताना दारू पिणाऱ्याने पॅरासिटॅमॉल टाळून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनकडे स्वतःहून वळू नये. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. तसेच तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर गोळ्या वाढविण्याऐवजी तापाचे कारण तपासून घ्यावे.