स्वतःच्या जागेचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज : परिव्यय पत्रकात का नाही, परिव्यय लेख्यांत का?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परिव्यय लेखांकन शिकविताना एक प्रश्न आम्हांला दरवर्षी विचारला जातो. परिव्यय पत्रकाच्या प्रकरणात आपण सांगतो की, मालकाच्या स्वतःच्या भांडवलावरील व्याज आणि स्वतःच्या इमारतीचे भाडे विचारात घेऊ नये. पुढे वित्तीय लेखे आणि परिव्यय लेखे यांच्या मेळ पत्रकाच्या प्रकरणात हीच दोन नावे ‘फक्त परिव्यय लेख्यांत आकारलेले खर्च’ या शीर्षकाखाली भेटतात. मग खरे काय? विद्यार्थ्याची शंका रास्त आहे, आणि अनेक पाठ्यपुस्तके तिला एका ओळीचेही उत्तर देत नाहीत.

या खर्चांना आपण काल्पनिक खर्च म्हणतो. ‘काल्पनिक’ या शब्दाने थोडा घोटाळा होतो. त्यात पैसा कोणाला दिला जात नाही, एवढेच काल्पनिक असते. जागा आणि भांडवल खरोखरच वापरले गेलेले असते. परिव्यय पत्रक हे एखाद्या वस्तूवर प्रत्यक्ष किती खर्च झाला याचे निवेदन आहे. ते प्रसंगी बाहेरच्या माणसासमोर, ग्राहकासमोर किंवा सरकारी खात्यासमोर ठेवावे लागते. म्हणून त्यात पावतीने किंवा हिशोबाच्या नोंदीने सिद्ध करता येईल तेवढेच घ्यावयाचे. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या व्याजविषयक मानकानेही मानीव व्याज वर्ज्य ठरविले आहे. परिव्यय लेखे मात्र मालकाने स्वतःच्या माहितीसाठी ठेवलेले असतात. तेथे प्रश्न वेगळा असतो : हीच जागा आणि हेच पैसे दुसरीकडे लावले असते तर काय मिळाले असते?

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातील भवानी पेठेत एका गृहस्थाची पुठ्ठ्याची खोकी बनविण्याची लहान कार्यशाळा आहे. शेड स्वतःची, यंत्रे आणि खेळते भांडवल मिळून ८ लाख रुपयेही स्वतःचे. वर्षाला ४०,००० खोकी होतात आणि प्रत्येकी १७ रुपयांना सर्व विकली जातात. कच्चा माल ३,२०,००० रुपये, मजुरी १,६०,००० आणि इतर खर्च ९६,०००. या शेवटच्या रकमेत शेडचा घसारा व महापालिकेचा मिळकत कर मिळून १६,००० रुपये आहेत. परिव्यय पत्रकाची बेरीज ५,७६,००० होते. म्हणजे एका खोक्याला १४ रुपये ४० पैसे. विक्री ६,८०,०००, नफा १,०४,०००. गृहस्थ समाधानी.

आता परिव्यय लेखे पाहू. तशाच शेडला शेजारी दरमहा ८,००० रुपये भाडे मिळते, म्हणून वर्षाचे ९६,००० आकारू. भांडवलावर ८ टक्के दराने ६४,००० व्याज धरू. येथे बहुतेकांची गफलत होते. भाडे धरले की शेडचा घसारा आणि मिळकत कर वगळावा लागतो, कारण कोणताही जागामालक हे खर्च मिळणाऱ्या भाड्यातूनच भागवितो. तसेच व्याज काढताना भांडवलात शेडची किंमत धरायची नाही; तिचा मोबदला भाड्यात आलेला आहे. म्हणून ५,७६,००० मधून १६,००० वजा करून ९६,००० आणि ६४,००० मिळविले की परिव्यय ७,२०,००० होतो, खोक्यामागे १८ रुपये. सतरा रुपयांची विक्री आता ४०,००० रुपयांचा तोटा दाखविते.

हा तोटा कोठून आला? गृहस्थाने धंदा बंद करून शेड भाड्याने दिली असती आणि पैसे ८ टक्क्यांनी गुंतविले असते, तर १,६०,००० रुपये आले असते. त्यातून शेडचे १६,००० वजा जाता १,४४,००० उरले असते. आज मिळतात १,०४,०००. फरक नेमका चाळीस हजारांचा. त्याने स्वतः वर्षभर केलेल्या श्रमांचा मोबदला तर आपण अजून धरलेलाच नाही!

मेळ पत्रक आता सोपे होते. परिव्यय लेख्यांतील ४०,००० तोट्यापासून सुरुवात करावी, त्यात काल्पनिक भाडे ९६,००० व व्याज ६४,००० मिळवावे, आणि वगळलेले १६,००० वजा करावेत. वित्तीय लेख्यांतील १,०४,००० नफा येतो. मात्र मेळ बसला म्हणजे हिशोब बरोबर आहे असे समजू नये. घसारा आणि कर वगळायला विसरलो, तर तोटा ५६,००० येतो आणि काल्पनिक १,६०,००० मिळविले की तरीही मेळ बसतोच. ही चूक मेळ पत्रकात कधीच दिसत नाही. भाड्याच्या जागेत तोच माल करणाऱ्या शेजाऱ्याच्या खर्चाशी तुलना केली, तरच ती उघडी पडते.

वर्षअखेर माल शिल्लक राहिला, तर आणखी एक पथ्य आहे. समजा, २,००० खोकी शिल्लक आहेत. त्यांचे मूल्य १८ रुपयांनी लावले, तर न दिलेले भाडे आणि व्याज साठ्यात शिरून ७,२०० रुपये फुगवटा येतो. वित्तीय लेख्यांत अशा साठ्याला जागा नाही.

काल्पनिक खर्च आकारण्याला मर्यादाही आहेत. शेड घराच्या मागील बाजूस असेल आणि ती दुसऱ्या कोणी भाड्याने घेणार नसेल, तर तिचे काल्पनिक भाडे शून्य धरावे. बाजारभावाने धरणे ही स्वतःचीच फसवणूक. आणि यंत्र रिकामे उभे असताना साडेसोळा रुपयांची एखादी मागणी आली, तर अठराचा आकडा पाहून ती नाकारणे चुकीचे ठरेल. धंदा चालू ठेवावा की नाही हे ठरविण्यासाठी अठरा हा आकडा आहे, एका मागणीचा दर ठरविण्यासाठी नव्हे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे, आणि हाच भेद तेथे हमीभावाच्या वादात उभा राहतो. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चाचे वेगवेगळे हिशोब मांडतो. त्यांतील एकात प्रत्यक्ष दिलेला खर्च आणि कुटुंबाच्या श्रमांचे मूल्य असते. दुसऱ्यात, ज्याला ‘सी-२’ म्हणतात, स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या स्थिर भांडवलाचे व्याजही मिळविलेले असते. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा पहिला खर्च क्विंटलला ४,७४७ रुपये होता आणि सी-२ खर्च ६,२३० रुपये. सरकारने पहिल्याच्या दीडपट, म्हणजे ७,१२१ रुपये हमीभाव ठरविला. सी-२ च्या दीडपट ९,३४५ रुपये होतात. दहा क्विंटल कापसामागे हा फरक सुमारे २२,००० रुपयांचा आहे. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये उत्पादन खर्चावर किमान पन्नास टक्के अधिक भाव सुचविला होता. तो खर्च कोणता धरायचा, यावर शेतकरी संघटना आणि सरकार आजही भांडतात.

या हिशोबात एक विसंगती आमच्या दृष्टीने फार बोलकी आहे. जमीन खंडाने केलेली असेल, तर दिलेला खंड पहिल्या खर्चातच येतो, कारण तो हातातून गेलेला असतो. जमीन स्वतःची असेल, तर तिचे भाडे पहिल्या खर्चात येत नाही. बांधाच्या दोन बाजूंना दोन शेते, कापूस सारखाच, एकात जमिनीचा मोबदला खर्च म्हणून लिहिलेला आणि दुसऱ्यात तो रकाना कोरा.